सिझेरियननंतर घरी जाताना

प्रसूती विभाग, उपजिल्हा रुग्णालय
दि. 19 जानेवारी 2026

सौ. वैशालीताई,

बाळ पायाळू असल्याने 12 तारखेला तुमचे सिझेरियन झाले. मुलगी 2 किलो 800 ग्रॅमची आहे, छान पिते आहे. आज तुमचे टाके काढले. माहेरी जात आहात, तेव्हा हे पत्र आईंनाही वाचून दाखवा.

जखम वरून भरलेली दिसली, तरी आतले थर भरायला सहा आठवडे तरी लागतात. रोज आंघोळ करा. जखम चोळू नका, स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडी ठेवा. हळद, तेल, पावडर काहीही लावायचे नाही. पोटाला शेक आणि खाटेखाली शेगडी नको. धुराचा त्रास बाळालाही होतो. खोकताना, शिंकताना पोटाशी उशी धरा.

विश्रांती घ्या म्हणजे दिवसभर पडून राहा असे नाही. त्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. घरातल्या घरात चालत राहा. पण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, कळशी नाही की बादली नाही. थोरला कडेवर घे म्हणेल, त्याला बसून मांडीवर घ्या. शरीरसंबंधही तोवर नको.

बाळाला सहा महिने फक्त अंगावरचे दूध. मध, गुटी, पाणी नको. रात्री धरून दिवसातून 8 ते 12 वेळा पाजा. कुशीवर झोपून पाजले तर पोटावर भार येत नाही. बाळ दिवसाला सहा वेळा तरी शू करत असेल, तर दूध पुरते आहे असे समजा.

बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, असे कोणी सांगेल. ऐकू नका, तहान लागेल तेवढे प्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर खा, पण डाळ, भाजी, फळे, अंडी चालत असतील तर तीही हवीत. हिमोग्लोबिन 9.4 आहे, म्हणून लोहाची गोळी चुकवू नका. ती कॅल्शियमच्या गोळीसोबत किंवा चहाबरोबर घेऊ नका.

पुढचे काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता या: 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, जखम लाल होणे, उसवणे, पू येणे, तासाभरात पॅड भिजेल एवढा रक्तस्राव किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, लघवी अडणे. दम लागणे, छातीत दुखणे, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटका आला, तर लगेच 108 ला फोन करा. सुरुवातीला रडू येते, ते ओसरते. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिले किंवा स्वतःला, बाळाला इजा करावीशी वाटली, तर लाजू नका, आम्हाला सांगा.

बाळ पीत नसेल, मलूल किंवा गार पडले, ताप आला, धाप लागली किंवा तळपाय पिवळे दिसले, तर त्यालाही लगेच आणा.

जखम दाखवायला 27 जानेवारीला या. 23 फेब्रुवारीला तुमची तपासणी आणि बाळाची लस आहे. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात, त्यामुळे तांबीबद्दल तेव्हाच बोलू. पतींनाही सोबत आणा.

वैद्यकीय अधिकारी,
प्रसूती विभाग