दैनंदिनी: हाताच्या रंगछटांचा उपक्रम, इयत्ता चौथी

मंगळवार, २० जानेवारी. पट २८, हजर २६. तास तिसरा आणि चौथा, सलग ७० मिनिटं. परिसर अभ्यास आणि चित्रकला एकत्र घेतले.

सुरुवातीला खडूच्या पेटीतला 'स्किन कलर' बाहेर काढला आणि एकेकाने तो आपल्या मनगटाशी धरून बघितला. २६ पैकी एकाच्याही हाताशी तो जुळला नाही. यावर भाष्य करायची गरज पडली नाही. पुढचा तासभर वर्ग कामाला लागायला एवढं पुरलं.

साहित्य: पिवळा, लाल, निळा, पांढरा पोस्टर कलर, प्रत्येकाला प्लॅस्टिकचं एक झाकण, आइस्क्रीमची काडी, काडेपेटीची काडी, चित्रकलेच्या कागदाच्या ३ × ८ सेंमीच्या तीन पट्ट्या. शिवाय दोघांत एक खिडकी-कार्ड, म्हणजे १० सेंमी चौरस पांढऱ्या पुठ्ठ्याला मधोमध २ सेंमीचं भोक. काळा रंग मुद्दाम कपाटातच ठेवला. मुलं गडद करायला पहिला हात काळ्यालाच घालतात आणि पिवळ्यात काळा पडला की मिश्रण शेवाळी होतं. ते कातडीसारखं दिसतच नाही, मग 'माझा हात असा घाण आहे का' हा प्रश्न रंगाच्या चुकीतून उगाच उभा राहतो.

आधी सगळ्यांनी हात धुऊन पुसले, अपवाद कोणालाच नाही. खडूची धूळ आणि शाई निघाल्यावर पाण्याने जाणारं काय आणि न जाणारं काय, हा वाद उरत नाही. बाह्या कोपरापर्यंत वर. गणवेशाचा निळा स्वेटर मनगटाजवळ राहिला तर त्याची झाक कातडीवर पडते. ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या बाजूला, पण थेट उन्हात नाही, असं उभं केलं. ट्यूबखाली सारख्या दिसणाऱ्या दोन पट्ट्या दिवसाच्या उजेडात वेगळ्या निघतात, म्हणून सगळी तुलना एकाच उजेडात.

जागा ठरवून दिली: डाव्या हाताची पाठ, मधल्या बोटाचं पेर आणि मनगट यांच्या मधला सपाट भाग. नाहीतर एक जण तळवा दाखवतो, दुसरा सांधा. पकडायचं नाही, दाबायचं नाही. दाबलं की रक्त सरकतं आणि जागा काही क्षण फिकी पडते. हजेरी क्र. ११ आणि १९ यांनी हे दोन-तीनदा करून बघितलं, मग इतर सगळ्यांनी. पाच मिनिटं गेली, पण त्वचेच्या रंगात रक्ताचाही वाटा असतो हे मला सांगावं लागलं नाही.

मिश्रण: पिवळा ४ थेंब, लाल २ थेंब, आधी नारिंगी करून घ्यायचं. मग निळा काडेपेटीच्या काडीच्या टोकाने, एकेक टोक. निळा थेंबाने दिला की संपलं, सगळं मिश्रण टाकून द्यावं लागतं. तपकिरी आला की पांढरा थोडा थोडा. हिरवट झाक आली तर लाल, जांभळट आली तर पिवळा, फार भडक वाटलं तर निळ्याचं आणखी अर्धं टोक. पट्टीवर जाडसर फटकारा मारून १० मिनिटं सुकू द्यायचं. ओल्या पट्टीवरून निर्णय घेऊ दिला नाही, कारण गडद मिश्रण सुकल्यावर फिकं पडतं. तीन पट्ट्या दिल्या होत्या. बहुतेकांची तिसरी बरी जमली.

हजेरी क्र. १४ पांढरा घालतच राहिला. पट्टी हातापेक्षा बरीच उजळ झाली होती आणि शेजारच्याने तसं म्हणायला तोंड उघडलं होतं. शेजाऱ्याला थांबवून १४ च्या हातात कार्ड दिलं: भोकातून आधी हात बघ, मग पट्टी. त्याने दोन्ही बघितलं, पट्टी उलटी ठेवली, आणि तिसरी पट्टी घेऊन पांढऱ्याशिवाय सुरुवात केली. असल्या वेळी मोठ्याने समजावण्यापेक्षा कार्ड देणं केव्हाही बरं. त्याची चूक फक्त त्यालाच दिसते.

पट्टीच्या मागे हजेरी क्रमांक आणि कृती लिहायची होती: 'पि ४, ला २, नि २ टोकं, पां ३'. सहा जणांची कृती आकड्यांनी हुबेहूब एक, पट्ट्या मात्र सहा वेगळ्या. थेंब लहानमोठे, काडीवर रंग कमीजास्त. म्हणून तुलना आकड्यांवरून न करता पट्टीवरूनच केली.

तुलना सगळ्यांची सगळ्यांशी करायची तर ३२५ जोड्या होतात (२६ × २५ ÷ २, फळ्यावर मुलांनीच काढलं). तेवढा वेळ नव्हता. पट्ट्या मिसळून टेबलावर पसरल्या आणि 'या दोन सारख्या' वाटतील तेवढ्या जोड्या मुलांनी उचलल्या. पाच निघाल्या. दोन्ही पट्ट्या काठाला काठ लावून एकाच भोकाखाली ठेवल्या की काठावर रेघ दिसते का, एवढंच बघायचं. पाचही जोड्यांत रेघ दिसली: तीनमध्ये उजळपणाचा फरक, दोनमध्ये उजळपणा सारखा पण एक पिवळसर, दुसरी तांबूस. पट्टीत रंग कालवतानाची चूकही असते, म्हणून त्या दहा मुलांचे प्रत्यक्ष हातही शेजारी धरले. तिथेही एकही जोडी जुळली नाही. जिवलग मैत्रिणी असलेल्या ३ आणि ८ यांचा चेहरा पडला, मग त्या एकमेकींचे कोपर तपासू लागल्या.

पट्ट्या फिकट ते गडद ओळीत लावायचा हट्ट बऱ्याच जणांनी धरला. नाही म्हटलं. एकदा ओळ लागली की पहिला नंबर कुणाचा, हा प्रश्न आपोआप येतो. तक्त्यावर त्या हजेरी क्रमांकाने गोलात चिकटवल्या.

विज्ञान शेवटची आठ मिनिटं. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशींची संख्या सगळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. मेलॅनिन किती बनतं, कोणत्या प्रकारचं (तपकिरी-काळं की तांबूस-पिवळं) आणि त्याचे कण केवढे व कसे पसरलेले, यावर छटा ठरते. ते सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचा बचाव करतं, म्हणून ऊन लागलं की वाढतं. पडताळा म्हणून दंडाची आतली बाजू मनगटाशी ताडून बघायला लावली. तिथे क्र. २२ म्हणाली, ''बाई, माझाच हात माझ्या हाताशी जुळत नाही.'' मग घड्याळाच्या पट्ट्याखालची जागा, तळवा, पेरं, सगळ्यांचीच शोधाशोध. 'मग माझा खरा रंग कुठला?' असं क्र. ५ ने विचारलं. सगळेच खरे, आपण फक्त एक जागा मोजली, असं उत्तर दिलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. शुक्रवारी पुन्हा विचारेल.

गैरहजर दोघांच्या पट्ट्या गुरुवारी, त्याच वेळी, त्याच खिडकीशी. गोलात त्यांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. गृहपाठ: घरातल्या एका माणसाच्या हाताच्या तीन जागांचं निरीक्षण, 'गोरा' आणि 'काळा' हे शब्द न वापरता चार ओळी. पांढऱ्याच्या दोन बाटल्या मागवायच्या. निळा अजून वर्षभर पुरेल.