निर्णय टिपण: कंपन-संवेदक आत्ताच बाजारात उतरवायचा की आधी पायलट चाचणी घ्यायची

गुंतवणूक समितीच्या सदस्यांसाठी

मोटर आणि पंपांवर बसवायचा कंपन-संवेदक आणि त्याची मासिक सेवा तयार आहे. पूर्ण लाँचला १२०० लाख लागतात. आपल्या वार्षिक गुंतवणूक निधीचा हा जवळपास निम्मा हिस्सा आहे. विक्री विभागाला ते आजच हवे आहे, उत्पादन विभाग आधी वर्षभर चाचणी घ्या म्हणतो. माझी शिफारस या दोन्हींपेक्षा वेगळी आहे: चाचणी घ्यावी, पण सहा महिन्यांची, आणि तिचा निकष आजच लिहून ठेवावा. या निष्कर्षापर्यंत मी कसा आलो तो हिशेब खाली पूर्ण मांडला आहे, म्हणजे ज्यांना तो पटणार नाही त्यांना नेमका कोणता आकडा खोडायचा हे कळेल.

सर्व रकमा लाखांत आणि करानंतरच्या आहेत. डिस्काउंट दर १२ टक्के. उत्पादनाचे आयुष्य लाँचपासून ५ वर्षे धरले आहे. संवेदक विकसित करायला आजवर झालेला खर्च कुठेही मोजलेला नाही. तो कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही. जोखीम जास्त आहे म्हणून दर १८ किंवा २० टक्के करावा, अशी सूचना आली होती. ती मी घेतलेली नाही. बाजार मंद निघण्याची शक्यता आपण खालच्या निर्णयवृक्षाच्या फांद्यांवर आधीच लिहिली आहे. त्याच भीतीपोटी दरही वाढवला तर एकच जोखीम दोनदा मोजली जाईल.

आकडे कुठून आले

मागणीच्या तीन अवस्था धरल्या. जोरदार असेल तर वर्षाला ६०० निव्वळ रोख मिळते, मध्यम असेल तर ३३०, मंद असेल तर ८०. विक्री, सेवा आणि वित्त या तीन विभागांनी एकमेकांशी न बोलता शक्यता लिहून दिल्या. मग फरकांवर चर्चा करून जोरदार ०.४०, मध्यम ०.३० आणि मंद ०.३० या आकड्यांवर एकमत झाले. हे अंदाज आहेत, मोजमाप नव्हे. म्हणून पुढे त्यांनाच सर्वात जास्त ताणून पाहिले आहे.

१२ टक्के दराने ५ वर्षांचा गुणक ३.६०४८ येतो. आजच लाँच केले तर:

जोरदार: ६०० × ३.६०४८ − १२०० = +९६२.९
मध्यम: ३३० × ३.६०४८ − १२०० = −१०.४

मंद फांदीवर थोडे थांबायला हवे. पाचही वर्षे रेटत राहिलो तर तोटा ९१२ च्या घरात जातो. पण आपल्यावर तशी सक्ती नाही. पहिल्या वर्षाअखेर उरलेल्या चार वर्षांची रोख तेव्हाच्या मूल्याने २४३ होते, तर यंत्रसामग्री आणि साठा विकून ३०० मिळतात. म्हणजे बंद करणे शहाणपणाचे. त्यामुळे या फांदीचे मूल्य (८० + ३००) ÷ १.१२ − १२०० = −८६०.७. ही सवलत पूर्ण लाँचला देणे मला आवश्यक वाटले. चाचणीच्या फांदीवर थांबण्याची मुभा द्यायची आणि लाँचच्या फांदीवर नाकारायची, तर सगळा हिशेब चाचणीच्या बाजूने झुकवल्यासारखा होतो.

पूर्ण लाँचचे अपेक्षित एनपीव्ही:
०.४० × ९६२.९ + ०.३० × (−१०.४) + ०.३० × (−८६०.७) = +१२३.८

आकडा धन आहे. त्यापुढे दुसरा पर्याय नसता, तर मी लाँचच सुचवले असते.

चाचणीच्या फांद्या

चाचणी घेतल्याने तीन किमती मोजाव्या लागतात: तिचा स्वतःचा खर्च, लाँच पुढे गेल्यामुळे डिस्काउंटिंगचा फटका, आणि दरम्यान स्पर्धक आल्याने घटणारी रोख. बारा महिन्यांच्या चाचणीत खर्च ९० आणि रोखीत ५ टक्के घट धरली. सहा महिन्यांच्या चाचणीत खर्च ६० आणि घट २.५ टक्के. छोटी चाचणी कमी खात्रीची असते, हेही धरले आहे.

चाचणीचा निकाल सकारात्मक येण्याची शक्यता:

| खरी मागणी | १२ महिने | ६ महिने |
|---|---|---|
| जोरदार | ०.८५ | ०.८० |
| मध्यम | ०.५० | ०.५० |
| मंद | ०.१० | ०.१५ |

सहा महिन्यांचा स्तंभ सोडवून दाखवतो. जोरदार मागणी असून निकाल सकारात्मक येण्याची एकत्रित शक्यता ०.४० × ०.८० = ०.३२. मध्यमसाठी ०.१५, मंदसाठी ०.०४५. बेरीज ०.५१५. म्हणजे निकाल सकारात्मक आला की मागणी जोरदार असण्याची शक्यता ४० वरून ६२ टक्क्यांवर जाते आणि मंद असण्याची ३० वरून ९ टक्क्यांवर येते.

घटलेल्या रोखीने लाँचच्या दिवशीची मूल्ये +९०८.८, −४०.२ आणि −८६२.५ अशी येतात. एकत्रित शक्यतांनी गुणून बेरीज २४६.०. ती अर्ध्या वर्षाने मागे आणली (÷ १.०५८३) की २३२.४. त्यातून चाचणीचे ६० वजा केले की +१७२.४.

निकाल नकारात्मक आला तर? तरीही लाँच केले तर त्या दिवशीचे अपेक्षित मूल्य −३१६ येते, म्हणून तिथे थांबायचे. ही ओळ महत्त्वाची आहे. निकाल काहीही आला तरी आपण लाँचच करणार असू, तर चाचणीवरचे ६० लाख सरळ वाया जातील, कारण तिने आपला कोणताही निर्णय बदललेला नसेल.

पूर्ण वृक्ष असा दिसतो:

```
आज
├─ अ. पूर्ण लाँच (−१२००)                  अपेक्षित एनपीव्ही +१२४
│    ├─ जोरदार ०.४०                         +९६३
│    ├─ मध्यम  ०.३०                          −१०
│    └─ मंद    ०.३० → वर्षअखेर बंद           −८६१
├─ ब. १२ महिने चाचणी (−९०)                अपेक्षित एनपीव्ही +१३७
│    ├─ सकारात्मक ०.५२ → लाँच → त्या दिवशी +४८९
│    └─ नकारात्मक ०.४८ → थांबणे → ०  (लाँच केल्यास −४०१)
├─ क. ६ महिने चाचणी (−६०)                 अपेक्षित एनपीव्ही +१७२
│    ├─ सकारात्मक ०.५१५ → लाँच → त्या दिवशी +४७८
│    └─ नकारात्मक ०.४८५ → थांबणे → ० (लाँच केल्यास −३१६)
└─ ड. प्रकल्प सोडणे                        ०
```

वृक्ष डावीकडून उजवीकडे वाचायचा, पण सोडवायचा उजवीकडून. आधी शेवटच्या टोकाची मूल्ये, मग शक्यतेच्या गाठीवर सरासरी, निर्णयाच्या गाठीवर सर्वात मोठा आकडा.

हे आकडे किती टिकतात

फक्त अ आणि ब समोर ठेवले असते तर फरक १३ लाखांचा निघाला असता, आणि तो फरक निर्णयासाठी पुरेसा नाही. जोरदार मागणीची शक्यता ०.४० ऐवजी ०.४१ च्या थोडी पुढे गेली आणि तेवढीच मंद कमी झाली, की पूर्ण लाँच जिंकते. उशिरामुळे होणारी घट ५ ऐवजी ६.६ टक्के झाली, तरीही तेच. विक्री आणि उत्पादन विभाग इतका वेळ भांडत राहिले याचे कारण कदाचित हेच असावे: दोघांच्या समजुती एखाद्या टक्क्याने वेगळ्या होत्या आणि त्यावरच निकाल फिरत होता.

सहा महिन्यांचा पर्याय याहून बराच भक्कम आहे. पूर्ण लाँचने त्याला गाठायला जोरदार मागणीची शक्यता सुमारे ०.४५ हवी, किंवा उशिराची घट ८.४ टक्क्यांवर जायला हवी. खात्री थोडी कमी घेऊन आपण अर्धे वर्ष वाचवतो, आणि या बाजारात अर्धे वर्ष त्या खात्रीपेक्षा महाग आहे.

त्याची दुबळी बाजू चाचणीच्या अचूकतेत आहे. ०.८० आणि ०.१५ हे आकडे साधारण ०.७२ आणि ०.२३ पर्यंत घसरले, तर सगळा फायदा संपतो. आणि घसरणे अगदी सोपे आहे: आपल्या ओळखीचे, आपल्याला नाही म्हणायला संकोचणारे ग्राहक निवडले की झाले. मग मंद बाजारही सकारात्मक दिसेल. म्हणून ३० कारखाने निवडताना निम्म्याहून अधिक असे हवेत ज्यांनी आजवर आपल्याकडून काहीही घेतलेले नाही. तीन महिने सेवा मोफत, त्यानंतर पूर्ण दराने. 'आवडले का?' हा प्रश्न मोजणीत धरायचा नाही; पैसे भरून पुढे चालू ठेवले का, एवढेच मोजायचे.

माहितीची कमाल किंमतही नोंदवतो. मागणी नेमकी कशी आहे हे आजच, फुकट आणि खात्रीने कळले असते, तर फक्त जोरदार असतानाच लाँच केले असते आणि अपेक्षित मूल्य ३८५.२ आले असते. म्हणजे कितीही उत्तम माहितीला २६१ पेक्षा जास्त मोजणे योग्य नाही. बाहेरच्या सल्लागाराकडून मोठे सर्वेक्षण करून घेण्याचा विचार पुन्हा पुढे आला, तर त्याची किंमत या आकड्याशी ताडून पाहावी.

सरासरीपलीकडची एक गोष्ट. पूर्ण लाँचमध्ये ८६० च्या आसपास बुडण्याची शक्यता ३० टक्के आहे. सहा महिन्यांच्या चाचणीनंतर ती ४.५ टक्के होते. याच्या बदल्यात ८ टक्के शक्यता अशी राहते की बाजार खरोखर जोरदार असेल आणि चुकीच्या नकारात्मक निकालामुळे आपण तो सोडून देऊ. हे नुकसान ताळेबंदात कधी दिसणार नाही, म्हणून समितीने ते आज डोळ्यांसमोर ठेवूनच मान्यता द्यावी.

मागणी

६० लाख आणि सहा महिने मंजूर करावेत. शेवटच्या दिवशी ३० पैकी १८ किंवा अधिक कारखाने पूर्ण दराने सेवा चालू ठेवत असतील तर तो निकाल सकारात्मक, आणि १२०० लाखांचे लाँच त्याच आठवड्यात सुरू. १७ किंवा कमी असतील तर प्रकल्प बंद. चाचणीला मुदतवाढ नाही. मधल्या काळात स्पर्धकाचे तयार उत्पादन बाजारात आले, तर उशिराची घट नव्याने ठरवून अ आणि क या फांद्या दहा दिवसांत पुन्हा सोडवल्या जातील, आणि समितीची बैठक त्यासाठी वेगळी बोलावली जाईल.