समीरच्या पोस्टचा नवा मसुदा: ऐरोलीचा नळ

समीर,

तुझी पोस्ट परत लिहिली आहे. तू पाठवलेला मजकूर आधी जसाच्या तसा ठेवते, म्हणजे काय काढलं ते दिसेल.

«माझी सावली, माझं सर्वस्व, सुखदुःखात खंबीरपणे साथ देणाऱ्या माझ्या अर्धांगिनीला लग्नाच्या तेराव्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! तू आहेस म्हणून मी आहे. सातही जन्म असंच सोबत राहू.»

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण एकही मानसीचं नाही. वरती दुसऱ्या कुणाचंही नाव घातलं तरी पोस्ट तशीच चालते. «खंबीरपणे साथ» वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही, कारण ती कधी दिली, कशी दिली, हातात तेव्हा काय होतं, हे त्यात नाही. फोनवर तू तीन आठवणी सांगितल्यास. तलावपाळीची पहिली भेट गोड आहे, पण ठाण्यातल्या निम्म्या जोडप्यांची पहिली भेट तिथेच झालेली असते. केरळची सहल फोटोंतून सगळ्यांना माहीत आहे. नळाची रात्र मात्र तुम्हा दोघांचीच, आणि ती सांगताना तू मध्येच थांबून हसलास, म्हणून तीच घेतली. बाकीच्या दोन पूर्ण सोडल्या. तिन्ही घातल्या असत्या तर पुन्हा यादीच झाली असती.

नवी पोस्ट:

मानसी, डाव्या पायाची ती निळ्या पट्ट्याची चप्पल मी अजून टाकलेली नाही.

मे 2014. ऐरोलीचं भाड्याचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. रात्री साडेदहाला न्हाणीघरातला नळ बंदच होईना. मी जोर लावून फिरवला तेव्हा आतला उरलासुरला वायसरही फाटला आणि पाणी धो धो सुटलं. घरातला व्हॉल्व्ह क्षारांनी धरलेला, तसूभर हलेना. बिल्डिंगला पाणी सकाळी सहाला यायचं. तोवर गच्चीवरची टाकी आपल्या मोरीतून रिकामी झाली असती.

मी नळाच्या तोंडावर फडकं दाबून बसलो. तू मोबाइलचा टॉर्च लावून गच्चीवर गेलीस. तिथे व्हॉल्व्हची रांग, आणि त्यांच्यावर रंगाने लिहिलेले नंबर पावसात धुऊन गेलेले. तू पहिला बंद केलास. आपलं पाणी चालूच, आणि खालचे काका डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन हाका मारू लागले. मग तू फोन लावलास आणि म्हणालीस, «मी एकेक बंद करते, तू फक्त धार बघ. कमी झाली नाही तर लगेच उघडते.» चौथ्याला धार बारीक झाली. तू परत आलीस ती हातभर गंज घेऊन, आणि आधी काकांच्या दारात जाऊन माफी मागून.

दुकानं बंद. तू म्हणालीस, रबर हवंय ना, चप्पल काप. तुझी स्वतःची नवी चप्पल पुढे केलीस, कारण माझी झिजून पातळ झाली होती.

पन्नास पैशांचं नाणं टाचेवर ठेवून तू पेनाने गोल काढलास. भाजीची सुरी रबरात अडकायला लागली, तेव्हा मी दाढीचं पातं दिलं. मधलं भोक गॅसवर तापवलेल्या खिळ्याने पाडलं. घरभर जळक्या रबराचा वास. पहिली चकती जाड झाली, नळाचा वरचा भाग खाली बसेना. तिला तासायला गेलो तर ती एका बाजूने उतरती झाली आणि पाणी झिरपायला लागलं. दुसरी तू कापलीस, आधी रबराचा थर आडवा चिरून निम्मा केलास आणि मग गोल काढलास. ती बसली.

पांढरी टेप मी उलट्या दिशेने गुंडाळत होतो. आटे आवळताना ती सुटून वर येत होती. तू बाजूला बसून दोनदा बघितलंस आणि म्हणालीस, «ज्या बाजूला आवळतोस त्याच बाजूला गुंडाळ की.» बारा वाजून वीस मिनिटांनी तू पुन्हा गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडलास. मी खालून ओरडलो, «एक थेंब नाही!» काकांनी दार उघडून विचारलं, आता आंघोळ करू का?

त्या घरातून निघेपर्यंत, चौदा महिने, तो वायसर टिकला.

तेव्हा लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि त्या दिवशी सकाळपासून आपण एकमेकांशी बोलत नव्हतो. पहिला शब्द तू गच्चीवरून, फोनवर बोललीस.

आज तेरा वर्षं. घोडबंदरच्या घरात नळ बिघडला की माणूस येतो आणि अर्ध्या तासात जातो. हत्यारांच्या डब्यात तळाशी तुझी चप्पल आहे. टाचेला दोन भोकं आहेत, एक माझ्या चकतीचं, एक तुझ्या. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, मानसी.

पोस्ट इथे संपते.

आता काही गोष्टी मुद्दाम कशा ठेवल्या ते सांगते, म्हणजे शेवटच्या क्षणी तू त्या बदलणार नाहीस. «मानसी, डाव्या पायाची» हीच पहिली ओळ राहू दे. लांब पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. तिथे शुभेच्छा आल्या तर लोक तिथेच बदाम टाकून पुढे जातील. शुभेच्छा म्हणून अगदी शेवटी, आणि एकदाच. «कोटी कोटी» परत घालू नकोस.

«प्रेम» हा शब्द पोस्टमध्ये कुठेही नाही. तो राहिला म्हणून टाकायचा मोह तुला होईल, विशेषतः चकतीच्या परिच्छेदानंतर. नको. नवी चप्पल तिने पुढे केली, या वाक्याने ते काम केलेलं आहे, आणि त्याच्यामागे शब्द आला की ते वाक्य हलकं होतं.

अबोला ठेवला, त्याचं कारण काढलं. तू कारण सांगितलंस, पण त्यात तिच्या आईच्या आजारपणाचा भाग आहे आणि तो चारचौघांत मांडायचा की नाही हे तिने ठरवायचं. अबोल्याची ती दोन वाक्यंही तिला आधी दाखव. नको म्हणाली तर काढ, «चौदा महिने टिकला» नंतर थेट «आज तेरा वर्षं» नीट जुळतं. खालच्या काकांचं नाव आणि सोसायटीचं नाव याच विचाराने घातलेलं नाही.

दोन तपशील तिच्याकडून खात्री करून घे: चौथा व्हॉल्व्ह की पाचवा, आणि नाणं पन्नास पैशांचंच होतं ना. तिला वेगळं आठवत असेल तर तिचंच घाल. चुकलेला आकडा बाकी कुणालाही कळणार नाही, पण पोस्ट तिच्यासाठी आहे.

फोटो स्टेजवरचा नको. चप्पल खिडकीजवळच्या उजेडात फरशीवर उपडी ठेव, भोकांशेजारी तसंच नाणं, आणि वरून काढ. फ्लॅश मारलास तर रबर चमकून भोकं दिसणार नाहीत.

स्टेटसला एवढा मजकूर कुणी वाचणार नाही, तिथे याच फोटोवर हे टाक:

«मे 2014, ऐरोली. दुकानं बंद, नळ चालू. मानसीने स्वतःची नवी चप्पल कापायला दिली. वायसर चौदा महिने टिकला, आपण तेरा वर्षं.»