सूचना: रेंजवरील नवे आदेश, फायरिंग थांबवण्याची पद्धत आणि सुरक्षित जागा

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

येत्या १ तारखेपासून आपल्या १० मीटर आणि ५० मीटर या दोन्ही रेंजवर एकाच प्रकारचे आदेश चालतील. आतापर्यंत कोणी ‘फायर’ म्हणायचे, कोणी ‘चालू करा’, तर कोणी नुसता हात वर करायचे. सकाळच्या तुकडीला सवयीचा असलेला इशारा संध्याकाळच्या तुकडीला कळत नसे. गेल्या महिन्यात ५० मीटर रेंजवर एक सभासद टार्गेटचा कागद बदलायला पुढे गेले असताना शेजारच्या लेनवर रायफल पुसण्याचे काम चालू होते. रायफल रिकामी होती आणि कोणाला काही झाले नाही, पण कार्यकारिणीने त्याच बैठकीत हा विषय निकाली काढायचे ठरवले.

आदेश चार आहेत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हेच वापरतात, म्हणून शब्दही तसेच ठेवले आहेत.

लोड: हा शब्द कानावर पडेपर्यंत चेंबरमध्ये पेलेट किंवा काडतूस जाणार नाही. मॅगझिनही लावायचे नाही.
स्टार्ट: आता फायर करायला परवानगी.
स्टॉप: त्याच क्षणी थांबायचे.
अनलोड: शस्त्र रिकामे करायचे, बोल्ट किंवा लिव्हर उघडे ठेवायचे, सेफ्टी फ्लॅग घालायचा आणि शस्त्र टेबलवर ठेवून हात काढायचा.

यातला ‘स्टॉप’ सर्वात अवघड जातो. श्वास धरलेला, साइट जुळलेली, चापाचा पहिला टप्पा दाबलेला आणि तेवढ्यात आदेश येतो. ‘एवढा एक मारून घेतो’ हा मोह अनुभवी नेमबाजांनाच जास्त होतो, असे रेंजवर दिसते. तो शॉट सोडायचा नाही. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर काढायचे आणि नळी टार्गेटकडेच ठेवून शस्त्र खाली घ्यायचे. स्पर्धेतही ‘स्टॉप’नंतरचा शॉट मिस धरतात, तेव्हा सरावातच हात आवरायची सवय लागलेली बरी.

फायरिंग मध्येच थांबवायचे असेल तर

एरवी आदेश रेंज ऑफिसरच देतील. पण धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे: नवशिक्याला, पालकाला, टार्गेट लावणाऱ्या मुलालासुद्धा. लाइनपुढे माणूस किंवा जनावर दिसले, कोणाची नळी भलतीकडे वळली, कोणाला चक्कर आली, तर रेंज ऑफिसरकडे बघत थांबू नका. ओरडा. नंतर काही निघाले नाही तरी ओरडणाऱ्याला कोणी बोल लावणार नाही. आवाज ऐकताच रेंज ऑफिसर एक लांब शिट्टी वाजवतील, कारण इअरमफ लावलेल्यांना दूरची हाक नीट ऐकू येत नाही. गाणी ऐकण्यासाठी इअरफोन लावून लाइनवर उभे राहणे यापुढे बंद.

थांबल्यावर ‘अनलोड’चा आदेश येईल. .२२ रायफल-पिस्तूलवाल्यांनी काडतूस काढून चेंबर डोळ्यांनी बघायचे. बोल्ट मागे ओढला एवढ्यावर भागत नाही. एअर रायफल किंवा एअर पिस्तुलात पेलेट आधीच नळीत गेलेला असेल तर नळी टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करा. रेंज ऑफिसर तुमच्या लेनवर येतील आणि त्यांच्या देखरेखीखाली, त्यांनी सांगितल्यावरच तो पेलेट सोडायचा. स्वतःच्या मनाने ‘मोकळे’ करायचे नाही.

सेफ्टी फ्लॅग नारिंगी रंगाचा आणि लांबून दिसेल असा हवा. एअर शस्त्रांचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीतून जायला हवा. चेंबरमध्ये खोचलेला दोऱ्याचा तुकडा चालणार नाही, कारण नळीत पेलेट अडकला आहे की नाही हे त्यावरून समजत नाही.

यानंतर सर्वांनी पिवळ्या पट्ट्याच्या मागे यायचे. रेंज ऑफिसर प्रत्येक लेनवर जाऊन फ्लॅग स्वतः बघतील, मग लाल दिवा बंद करून हिरवा लावतील आणि ‘रेंज सेफ’ म्हणतील. हिरवा दिवा आणि हा शब्द, दोन्ही झाल्याशिवाय कोणीही पुढे पाऊल टाकायचे नाही. माणसे पुढे असताना मागे राहिलेल्यांनी शस्त्राला अजिबात हात लावायचा नाही. साइट फिरवणे नाही, स्लिंग सारखी करणे नाही, केसमध्ये भरणे नाही. शस्त्राला लावलेल्या दुर्बिणीतून शेजाऱ्याचा स्कोअर बघणे तर नाहीच. त्यासाठी स्टँडवरची स्पॉटिंग स्कोप वेगळी ठेवली आहे.

५० मीटरवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी. चाप ओढला आणि काडतूस उडाले नाही, तर लगेच बोल्ट उघडू नका. नळी टार्गेटकडे धरून ३० सेकंद थांबा, मग हात वर करा. काडतूस उशिराने पेटण्याची शक्यता असते. न उडालेली काडतुसे खिशात किंवा कचऱ्याच्या डब्यात न टाकता रेंज ऑफिसरच्या टेबलवरच्या लाल डब्यात टाकायची. दुसरे म्हणजे, नेहमीच्या आवाजाऐवजी दबका ‘फुस्स’ आला आणि कागदावर भोक दिसले नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचे काडतूस भरलेत तर नळी फाटू शकते. तिथेच थांबून रेंज ऑफिसरला बोलवा.

सुरक्षित जागा

केस उघडायची आणि बंद करायची ती आपल्या लेनच्या टेबलवर, नळी टार्गेटच्या दिशेने ठेवून आणि रेंज ऑफिसरने सांगितल्यावरच. शस्त्र केसमधून निघते तेव्हाही फ्लॅग आतच हवा.

डाव्या टोकाच्या भिंतीजवळ, वाळूच्या पेटीसमोर जे टेबल मांडले आहे, ते सेफ्टी टेबल. साफसफाई, स्क्रू घट्ट करणे, चापाचे वजन तपासणे, होल्डिंग आणि ड्राय फायरिंग तिथे होईल. नळी वाळूच्या पेटीकडे राहील. त्या टेबलवर पेलेट किंवा काडतूस आणायचे नाही, डमीसुद्धा नाही. लाइनवर ड्राय फायर करायचे असेल तर रेंज ऑफिसरला विचारून करा. व्हरांड्यात, कपडे बदलायच्या खोलीत आणि पार्किंगमध्ये शस्त्र केसबाहेर काढायला सक्त मनाई आहे. आरसा आहे म्हणून कपड्यांच्या खोलीत स्टान्स तपासणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

पालक आणि पाहुणे काचेच्या मागे बसतील. एअर सिलिंडर मागच्या शेडमध्येच भरायचे. निर्मितीपासून १० वर्षे उलटलेला सिलिंडर भरून मिळणार नाही. तारीख त्यावर कोरलेली असते, ती घरूनच बघून या. पाण्याची बाटली सोडून खाण्याचे काही लाइनवर आणू नका आणि निघताना हात साबणाने धुवा, पेलेट शिशाचे असतात.

आदेश मोडल्यास त्या दिवसाचा सराव तिथेच संपेल. पुन्हा तसेच घडल्यास सभासदाला कार्यकारिणीसमोर यावे लागेल, मग ते कितीही पदके मिळवलेले असोत.

या शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी ५ वाजता १० मीटर रेंजवर रिकाम्या शस्त्रांनिशी संपूर्ण पद्धत करून दाखवली जाईल. दोन्हींपैकी एका दिवशी येऊन नोंदवहीत सही करणे आवश्यक आहे. सही नसलेल्यांना १ तारखेपासून लेन मिळणार नाही. बाहेरगावी असलेल्यांनी परतल्यावर सरावाआधी अर्धा तास रेंज ऑफिसरकडून हे समजून घ्यावे. सेफ्टी फ्लॅग कार्यालयात मिळतील. डावखुऱ्या सभासदांना टोकाची लेन सोयीची वाटत असेल तर शनिवारीच सांगावे, म्हणजे लेनवाटप त्याप्रमाणे करता येईल.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)