विषय: थिसिसचा अंतिम मसुदा १५ डिसेंबरपर्यंत देण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

विभागाने थिसिसच्या अंतिम मसुद्यासाठी ३१ ऑक्टोबर ही तारीख दिली आहे. ती माझ्यासाठी १५ डिसेंबरपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती. विद्यापीठाकडे सादर करण्याची मुदत ३१ जानेवारी आहे, त्या तारखेला धक्का लागणार नाही.

मुख्य अडचण शेवटच्या १७ रुग्णांची आहे. टीबीच्या रुग्णांमधल्या वाढलेल्या साखरेच्या आपल्या अभ्यासाला किमान ९६ रुग्णांचा संपूर्ण फॉलो-अप हवा आहे, त्यापैकी ७९ जणांचा झाला. उरलेले १७ एप्रिलअखेर ते मे महिन्यात घेतलेले आहेत. त्यांचे टीबीचे सहा महिन्यांचे उपचार ऑक्टोबरअखेर संपायला लागतील आणि सगळ्यांत शेवटच्या रुग्णाचे २४ नोव्हेंबरला संपतील.

हे रुग्ण इतक्या उशिरा का घ्यावे लागले, ते आपल्याला ठाऊक आहेच. गेल्या वर्षीच्या पहिल्या गटातले २२ जण फॉलो-अपमधून गळाले. त्यातले १३ ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यांकडे गेले, औषधे तिकडच्या आरोग्य केंद्रातून घेतली, पण उपचार संपतानाचे रक्त काही आपल्याला मिळाले नाही. म्हणून आपल्याच सूचनेने नवे रुग्ण घ्यायला सुरुवात केली आणि नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये एचबीएवनसीच्या किट संपल्या. उपचार सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातले रीडिंग नसेल तर तो रुग्ण अभ्यासात घेता येत नाही. बाहेरच्या लॅबमधून तपासणी केली असती, तर तिथले मशीन आणि पद्धत वेगळी, मग तुलनाच बिघडली असती.

३१ ऑक्टोबरला मसुदा द्यायचा तर डेटा पुढच्या आठवड्यातच पीएसएम विभागाच्या स्टॅटिस्टिशियनकडे द्यावा लागेल. म्हणजे या १७ जणांची शेवटची तपासणी चौथ्या-पाचव्या महिन्यातच उरकावी लागेल. ते मला पटत नाही. एचबीएवनसीमध्ये मागच्या साधारण तीन महिन्यांची साखर दिसते, त्यामुळे चौथ्या महिन्यातल्या रीडिंगमध्ये ताप आणि संसर्ग पुरता न ओसरलेला सुरुवातीचा काळही मिसळलेला असेल. टीबीच्या निदानावेळी वाढलेली साखर कोणाची संसर्गाच्या ताणाने होती आणि कोणाला खरोखरच मधुमेह आहे, हाच तर आपला प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपचार संपतानाच्या रीडिंगमध्येच आहे, आणि एथिक्स कमिटीची मंजुरीही त्याच प्रोटोकॉलला आहे. निम्म्या वाटेवरचे आकडे घेऊन टेबल भरण्यापेक्षा मुदत मागितलेली बरी, असे मनापासून वाटले.

दुसरे कारण ड्यूटीचे. जुलैपासून मेडिसिन वॉर्ड डेंग्यू आणि लेप्टोच्या रुग्णांनी भरून वाहतो आहे, जमिनीवरही गाद्या टाकल्या आहेत. आमच्या युनिटची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर आहे, त्यामुळे आयसीयू आणि इमर्जन्सी दोन्ही बाजू उरलेल्या आम्हा दोघांकडे आहेत. त्या ड्यूटीबद्दल माझी तक्रार नाही. फक्त गुरुवारची टीबी ओपीडी आणि आयसीयूचा राउंड एकाच वेळी येतो. मागच्या गुरुवारी आमच्या अभ्यासातल्या एक आजी उपाशीपोटीच्या साखरेसाठी पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. मी शॉकमधल्या रुग्णापाशी होते, खाली उतरेपर्यंत अकरा वाजून गेले. तोवर त्यांना घेरी यायला लागली म्हणून सिस्टरांनी चहा-बिस्किटे दिली होती. सिस्टरांनी योग्यच केले, पण आजींना पुन्हा बोलवावे लागले.

या वेळी रुग्ण निसटू नयेत म्हणून टीबी हेल्थ व्हिजिटरकडून १७ जणांचे निक्षय आयडी आणि घरच्यांचे फोन नंबर घेतले आहेत. त्यातले पाच जण ऊसतोडीला जाणार आहेत. कोणत्या कारखान्यावर जाणार, हे मुकादमाकडून विचारून ठेवले आहे. उपचार संपण्याच्या आठवड्यात ते येऊ शकले नाहीत, तर जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त घेऊन नमुना थंड डब्यातून आपल्याच लॅबमध्ये आणायची तयारी आहे. एचबीएवनसीचा नमुना फ्रीजच्या तापमानाला काही दिवस टिकतो, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे.

प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा आणि पद्धती ही प्रकरणे लिहून झाली आहेत, सोबत जोडली आहेत. ७९ रुग्णांची मास्टर चार्टही जोडली आहे. स्टॅटिस्टिशियन सरांशी बोलणे झाले आहे. टेबलांचे साचे ते आताच करून ठेवतील, म्हणजे नोव्हेंबरअखेर फक्त उरलेले आकडे भरून विश्लेषण करायचे राहील. १५ डिसेंबरला मसुदा आपल्या हाती आला, तर आपल्या दुरुस्त्या, प्लेजियरिझम तपासणी आणि बाइंडिंग यांना पुरेसा वेळ मिळेल.

आणखी एक विनंती आहे. २७ नोव्हेंबरपर्यंत दर गुरुवारी सकाळी ८ ते १० आयसीयूतून मोकळीक मिळाली तर फार मदत होईल. त्या वेळेत सहकारी आयसीयू सांभाळायला तयार आहे, बदल्यात मी त्याची रविवारची इमर्जन्सी करीन.

विभागप्रमुख सरांच्या नावे वेगळा अर्ज द्यायचा असेल तर तसे कळवावे, आपल्या शिफारशीसाठी लगेच घेऊन येते. उद्या दुपारी ओपीडीनंतर आपल्याला वेळ असेल तर प्रत्यक्षही भेटते.

आपली विद्यार्थिनी,
डॉ. अश्विनी
जेआर-३, मेडिसिन
२४ सप्टेंबर २०२५