विषय: ६२०४ एंड कव्हर, ३,६०० नगांचा लॉट – 'ए.क्यू.एल.च्या आत' या दाव्याबद्दल आणि नमुना तपासणीच्या तपशिलाची मागणी

दि. १८ नोव्हेंबर
प्रति: पाटीलसाहेब, गुणवत्ता विभाग, शिरोली एमआयडीसी

पाटीलसाहेब, नमस्कार.

एंड कव्हरच्या लॉटवर आम्ही पाठवलेल्या रिजेक्शन नोटला तुमचं कालचं उत्तर मिळालं. 'आमच्या अंतिम तपासणीत दोषांचं प्रमाण १.२ टक्के असून ते मान्य ए.क्यू.एल.च्या आत आहे, तरी लॉट स्वीकारावा,' असं तुम्ही लिहिलं आहे. सोबतच्या प्रमाणपत्रावरही तेवढंच एक वाक्य आणि सही आहे. किती नग तपासले, किती खराब निघाले, कोणत्या दोषाचे, याचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे हा दावा मला मान्य करता येत नाही. नाकारायचा असेल तरी तो आधी समजायला हवा, म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली शंका आकड्याचीच आहे. पर्चेस ऑर्डरप्रमाणे तपासणी आयएस २५०० (भाग १), साधारण पातळी २, नॉर्मल तपासणी अशी ठरली आहे. ३,६०० नगांच्या लॉटला तिथे कोड अक्षर एल येतं आणि नमुना २०० नगांचा. आता २०० नगांतून १.२ टक्के निघूच शकत नाही. दोन खराब असले तर १ टक्का, तीन असले तर दीड. ८० नगांत एक खराब निघाला तर मात्र १.२५ येतं आणि ते कोणीही १.२ लिहील. ८० हा पातळी १ चा नमुना आहे. तुमच्याकडे पातळी १ ने तपासणी झाली का? झाली असेल तर ते कोणी ठरवलं? की चालू उत्पादनातल्या तपासणीचे आकडे एकत्र करून ही सरासरी काढली आहे? सरासरी असेल तर ती या लॉटबद्दल काही सांगत नाही.

दुसरी शंका 'मान्य' या शब्दाची. ऑर्डरमध्ये दोन मर्यादा आहेत: बेअरिंग बोअरचं माप आणि बोअरमधले ब्लोहोल हे मोठे दोष, त्यांना १.०; रंग, बर, कडेचे ओरखडे हे किरकोळ दोष, त्यांना २.५. तुमच्या पत्रात एकच टक्केवारी आहे. १.२ मध्ये दोन्ही मिसळले आहेत का, आणि ते कोणत्या मर्यादेशी ताडून पाहिले, हे मला कळायला हवं.

आमच्याकडे काय सापडलं ते पुन्हा मांडतो. ६० क्रेटपैकी ४० क्रेट यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडले आणि प्रत्येकातून वरच्या, मधल्या, खालच्या थरांतले मिळून ५ नग काढले. नग रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये ठेवून सकाळी मास्टर रिंगवर सेट केलेल्या बोअर गेजने मोजले. ड्रॉइंगप्रमाणे बोअर ४७ एच७, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५ मिमी. सहा नग ४७.०३१ ते ४७.०३८ च्या दरम्यान निघाले. आणखी तीन नगांच्या बोअरमध्ये उघडे ब्लोहोल होते. एकूण मोठे दोष ९. ए.क्यू.एल. १.० ला २०० च्या नमुन्यात ५ पर्यंत लॉट पास, ६ ला नापास. २.५ च्या रकान्यात पाहिलं तर मात्र १० पर्यंत पास होतं, म्हणून वरचा प्रश्न मी सोडत नाही.

आमचे ९ हाही नमुनाच आहे, लॉटचं खरं प्रमाण साडेचार टक्केच असेल असं मी म्हणत नाही. पण ते तेवढं असेल, तर नीट मिसळून काढलेल्या ८० नगांत एक किंवा शून्य खराब सापडण्याची शक्यता शंभरात १२ च्या आसपास येते. अशक्य नाही. तरी नमुना कुठून काढला गेला हे विचारणं भाग आहे. कारण सहापैकी पाच मोठे बोअर क्रेट ४१ ते ५२ मधले आहेत आणि त्या सगळ्या क्रेटवर दुसऱ्या पाळीची चिठ्ठी आहे. तुमचा नमुना पहिल्या पाळीच्या मालातून, किंवा पॅकिंगच्या वेळी हाताशी असलेल्या क्रेटमधून घेतला गेला असेल, तर हा ढीग त्यात आलाच नसेल.

गेजबद्दलही लिहितो, कारण फोनवर तुमच्या सुपरवायझरांनी 'प्लग गेज झिजला असेल' असं सांगितलं. नो-गो बाजू झिजून बारीक झाली तर ती मर्यादेजवळचे चांगले नगही नाकारेल, मोठं बोअर पास करणार नाही. म्हणजे त्या नगांवर नो-गो बाजू लावलीच गेली नाही, किंवा ते नग तपासलेच गेले नाहीत. आणि इन्सर्ट झिजत जातं तसं बोअर लहान होत जातं. मोठं बोअर बहुधा इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट न सुधारल्याने येतं. दुसऱ्या पाळीत इन्सर्ट केव्हा बदललं आणि त्यानंतरच्या पहिल्या नगाचं माप काय नोंदलं आहे, ते पाहिलंत तर कारण तिथेच हाती लागेल असं मला वाटतं.

तर मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. लॉट म्हणून नेमकं काय धरलं: किती नग, कोणत्या तारखा, किती मशीन, कास्टिंगचे कोणते हीट नंबर. नमुना किती, कोणत्या पातळीचा, कोणी आणि कोणत्या क्रेटमधून काढला. पॅकिंगआधी की नंतर, आणि त्याआधी खराब नग वेचून बाजूला केले होते का. दोषांची वर्गवार संख्या, स्वीकार व अस्वीकार आकडे. तपासणीची मूळ हातची नोंद, टाइप केलेली प्रत नको. वापरलेल्या गेजचे नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख.

आणखी एक मुद्दा स्पष्ट करतो, कारण तुमच्या पत्राचा सूर तसा आहे. ए.क्यू.एल. १.० म्हणजे शंभरात एक खराब नग पाठवायची परवानगी नव्हे. माहीत असलेला खराब नग पाठवायचा हक्क त्यातून मिळत नाही, हे मानकातही म्हटलं आहे. बोअर सैल असला की बेअरिंगची बाहेरची रिंग आत फिरू लागते, बोअर आणखी झिजतो, मोटर आवाज करते, तापते. रब्बीच्या पाण्याच्या पाळीवर ज्याचा पंप बंद पडतो, त्या शेतकऱ्याला टक्केवारी सांगून उपयोग नाही.

लॉट सध्या होल्डवर आहे. ९ नग लाल टॅग लावून आणि उरलेले १९१ वेगळे ठेवले आहेत. तुम्ही गुरुवारी किंवा शुक्रवारी साताऱ्याला या, तुमचे गेज घेऊन या. आपण तेच २०० नग एकत्र मोजू. तुमच्या मापात आणि आमच्या मापात फरक निघाला तर मी रिजेक्शन नोटवर पुन्हा विचार करीन. वरचा तपशील शनिवारपर्यंत आला नाही तर लॉट तुमच्या खर्चाने परत पाठवावा लागेल. मग शंभर टक्के वर्गीकरण करूनच तो पुन्हा सादर करता येईल.

गेल्या पाच लॉटमधला हा नापास झालेला दुसरा लॉट आहे. त्यामुळे पुढच्या लॉटपासून नियमाप्रमाणे कडक तपासणी लागू होईल: नमुना २०० च, पण मोठे दोष ३ पर्यंतच चालतील. सलग पाच लॉट पास झाले की पुन्हा नॉर्मल तपासणीवर येऊ.

जुना साठा लाइनला पुढच्या बुधवारपर्यंत पुरेल. तोवर क्रेट १ ते ४० मधला माल वर्गीकरण करून वेगळा घेता येईल का, याबद्दल पर्चेसशी बोललो आहे. तुमची तयारी असेल तर उद्या दुपारपर्यंत फोन करा.

कळावे,
कुलकर्णी
गुणवत्ता विभाग, सातारा

प्रत: पर्चेस विभाग, स्टोअर्स (लॉट होल्डवर ठेवण्यासाठी)