सार्वजनिक उत्सव समितीतर्फे सर्वांचे सहर्ष स्वागत!

आपण दरवर्षी न चुकता येणारे असा किंवा आज रोषणाई पाहून सहज वळलेले असा, या मंडपात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचे समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. कृपया डावीकडील कमानीतून आत यावे. ज्येष्ठ नागरिक आणि चाकांच्या खुर्चीवरून येणारे पाहुणे यांच्यासाठी उजवीकडे पायऱ्या नसलेला, वेगळा मार्ग राखून ठेवला आहे. लहान मुलांच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अवश्य ठेवावी, आणि ती घरून आणली नसल्यास स्वागतकक्षातील स्वयंसेवक लगेच लिहून देतील. छायाचित्रे खुशाल काढावीत, मात्र वाटेत थांबून नव्हे. कार्यक्रम रोज सायंकाळी ७ वाजता सुरू होईल.

आपली नम्र,
उत्सव समिती व सर्व कार्यकर्ते